दीडपट स्पीड आणि थांबण्याची चौदा मिनिटं

गोव्यात माशेलला आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक लहान खोली आहे, पावसात तिथे कौलांवर इतका आवाज होतो की शेजारी बसलेला काय बोलतोय तेही कळत नाही, आणि तरी गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर मी पहाटे सव्वापाच ते साडेसहा तिथेच बसायचे, कानात इअरफोन घालून, स्टॅटिस्टिक्स शिकायला. साडेसहाच्या सुमारास पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की उठायचं, उंडे घ्यायचे, मुलीचा डबा, मग कुंडईची बस. मी तिथल्या इस्टेटमध्ये एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. बीएस्सी केमिस्ट्री होऊन चौदा वर्षं झाली, आणि आता वरच्या जागेसाठी स्टॅटिस्टिक्स यायलाच पाहिजे अशी वेळ आली, म्हणून रेकॉर्डेड लेक्चर्सचा एक ऑनलाइन कोर्स घेतला. त्या चार महिन्यांत स्टॅटिस्टिक्स तर शिकलेच, पण व्हिडिओ लेक्चर बघायचं कसं हेही शिकले, आणि आज लिहायचंय ते त्याबद्दल.

पहिला महिना मी लेक्चर्स अगदी मनापासून बघितली. एकूण अकरा झाली, प्रत्येक सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधे न थांबता, सर बोलतायत आणि मी लिहितेय, वहीची चाळीसेक पानं भरली. अक्षर चांगलं, हेडिंग लाल पेनाने. महिन्याच्या शेवटी रविवारी दहा प्रश्नांची टेस्ट दिली आणि चार बरोबर आले. ते चार आकडा म्हणून कमी होते हे तर आहेच, पण मला जास्त लागलं ते वेगळंच, की दहाच्या दहा प्रश्न वाचताना मला वाटत होतं हे आपल्याला येतं. हे सरांनी सांगितलंय, त्या स्लाइडवर डाव्या कोपऱ्यात होतं, आलेखाचा रंग निळा होता, सगळं आठवत होतं, फक्त उत्तर काढता येत नव्हतं.

ओळखीचं वाटणं आणि येणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतात आणि व्हिडिओ पहिली गोष्ट इतकी भरभरून देतो की दुसरी झालेली नाही हे लक्षातच येत नाही. चांगले सर असले तर हे आणखीच होतं, कारण ते इतकं सोपं करून सांगतात की त्यांचं समजणं आपल्याला आपलंच समजणं वाटतं.

माझी मुलगी देवळाजवळ एका गुरुजींकडे गाणं शिकते. त्या रविवारी संध्याकाळी मी तिला आणायला गेले, पाऊस होता म्हणून आतच बसले, आणि गुरुजी एक नवीन बंदिश शिकवत होते. ते एक ओळ म्हणायचे आणि पेटीवरचा हात उचलून थांबायचे. मुलं म्हणायची. चुकलं तर तीच ओळ पुन्हा, बरोबर आलं तर पुढची. सगळी बंदिश एकदम त्यांनी शेवटी एकदाच म्हटली. मी घरी येईपर्यंत तेच डोक्यात घेऊन आले, की पाऊण तासाच्या क्लासमध्ये गुरुजी गायले असतील फार तर पंधरा मिनिटं, बाकी सगळा वेळ ते थांबलेले होते आणि मुलं गात होती. माझ्या लेक्चरमध्ये सर बेचाळीस मिनिटं एकटेच गातायत आणि माझी ओळ कधी येतच नाही. रेकॉर्डिंग आहे ते, ते थोडंच थांबणार. थांबवायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी महिनाभर केलंच नव्हतं.

पण थांबायचं म्हटलं की पहिला प्रश्न वेळेचा, कारण माझ्याकडे पहाटेचा सवा तासच होता. इथे मी एक साधं गणित मांडलं आणि पुढचे तीन महिने त्याच गणितावर चालले. ४२ मिनिटांचं लेक्चर १.५ स्पीडवर बघितलं तर २८ मिनिटांत संपतं. १४ मिनिटं हातात राहतात. ती १४ मिनिटं वाचवायची नाहीत, ती थांबण्यात घालवायची, साधारण दोन-दोन मिनिटांचे सात पॉज. म्हणजे लेक्चर होतं ४२ मिनिटांचंच, पण त्यातली १४ मिनिटं माझी. स्पीड वाढवून लवकर मोकळं व्हायचं असंच आपण सगळे धरून चालतो, मीही तसंच धरलं होतं, आणि त्यात वाचलेला वेळ मोबाइलमध्ये जातो हा माझा अनुभव आहे. स्पीड आणि पॉज ही एकाच हिशेबाची दोन टोकं आहेत, एकाने कमवायचं आणि दुसऱ्याने खर्चायचं.

आता प्रत्यक्ष एक लेक्चर सांगते, कारण नुसतं थांबा म्हणून काही होत नाही, कुठे थांबायचं हे महत्त्वाचं. विषय होता बेजचा नियम, म्हणजे नवी माहिती हाती आल्यावर एखाद्या गोष्टीची शक्यता किती बदलते ते काढायचा नियम. लांबी ४२ मिनिटं.

सुरू करण्याआधी दोन मिनिटं मी व्हिडिओखालची पट्टी बोटाने सरकवत नुसत्या स्लाइड्सची हेडिंगं बघितली आणि वहीत तीन प्रश्न लिहिले, म्हणजे ह्या लेक्चरच्या शेवटी मला कशाचं उत्तर देता आलं पाहिजे असं वाटतंय ते. त्यातला एक पुढे चुकीचा निघाला, लेक्चरमध्ये तो विषयच नव्हता, पण त्याने बिघडलं काहीच नाही, कान त्या दिशेने उभे राहिले एवढं पुरे.

पहिली सहा-सात मिनिटं मागच्या लेक्चरची उजळणी होती, ती १.७५ वर. मग सरांनी कंडिशनल प्रोबॅबिलिटीची, म्हणजे एक गोष्ट झालीय हे माहीत असताना दुसरीची शक्यता किती ह्याची, व्याख्या सांगितली आणि तिथे पहिला पॉज. नवीन व्याख्या आली की थांबायचं, स्क्रीनवरून नजर काढायची, मी खिडकीबाहेरच्या कुळागराकडे बघायचे, आणि ती व्याख्या आपल्या शब्दांत मोठ्याने बोलायची. मोठ्याने हे मी मुद्दाम म्हणतेय, मनातल्या मनात बोललं की मधला तुटलेला भाग मन गुपचूप भरून टाकतं, तोंडाने बोलताना तिथे अडखळायला होतं आणि अडखळलं की कळतं.

चौदाव्या मिनिटाला सरांनी उदाहरण घेतलं. एक आजार शंभरात एका माणसाला असतो. त्याची टेस्ट खरोखर आजारी माणसाला ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह दाखवते, पण निरोगी माणसालाही ९ टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह दाखवते. एका माणसाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर तो खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? सर म्हणाले, चला बघू. आणि मी तिथेच थांबवलं.

सगळ्या पॉजमध्ये हा पॉज सर्वात मोलाचा. प्रश्न स्क्रीनवर आलाय आणि उत्तर अजून यायचंय, ते मधले दोन सेकंद. जुन्या सवयीने मी उत्तर ऐकलं असतं आणि मान हलवली असती. त्या दिवशी मी वहीत लिहिलं: ८० ते ९० टक्के. पेनाने, खोडता येणार नाही असं. मग सोडवून बघायला लागले आणि अडकले, फॉर्म्युला आठवेना, तीन मिनिटं गेली, मग व्हिडिओ चालू केला. सरांनी हजार माणसं घेतली. हजारात १० आजारी, त्यातल्या ९ जणांची टेस्ट पॉझिटिव्ह. उरलेले ९९० निरोगी, त्यांच्यातल्या ९ टक्क्यांची, म्हणजे साधारण ८९ जणांची, टेस्ट चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ९८, त्यात खरे आजारी ९.

```
9 / (9 + 89) ≈ 0.09
```

नऊ टक्के. मी लिहिलं होतं ऐंशी-नव्वद. पहाटे साडेपाचला त्या खोलीत मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. आणि लगेच माझ्या टेबलावरचं काम आठवलं, की एखादी चूक मुळात दुर्मिळ असेल तर टेस्टने फेल दाखवलं म्हणजे माल फेलच असं धरता येत नाही, आधी फेल होण्याचं प्रमाण किती हे बघावं लागतं, आणि म्हणूनच स्पेसिफिकेशनबाहेरचा निकाल आला की आम्ही आधी लॅबमध्ये चूक झाली का ते तपासतो. बारा वर्षं ते करतेय. मागचं गणित त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. उत्तर आधी ऐकलं असतं तर नऊ टक्के हा एक आकडा म्हणून वहीत गेला असता, चाळीस पानांत आणखी एक. चुकीचा अंदाज आधी लिहिल्यामुळे खरं उत्तर येऊन बसायला जागा तयार झाली, असं मला वाटतं.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही, नंतर वाचताना सापडलं. हार्वर्डमधल्या डॅनियल शॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग छापला, त्यात विद्यार्थ्यांना २१ मिनिटांचं रेकॉर्डेड लेक्चर चार तुकड्यांत दाखवलं, आणि गंमत म्हणजे विषय स्टॅटिस्टिक्सच होता. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटे प्रश्न विचारले, एका गटाला तेच प्रश्न उत्तरांसकट नुसते वाचायला दिले. ज्यांना उत्तरं स्वतः आठवावी लागली त्यांचं लक्ष भरकटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, त्यांनी नोट्स जास्त काढल्या आणि शेवटच्या टेस्टमध्येही ते पुढे होते. उत्तरांसकट वाचणारे मात्र नाही. मला त्यातला हा दुसरा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण थांबून नोट्स पुन्हा वाचणं म्हणजेही थांबणंच आहे असं आपल्याला वाटतं, आणि ते तसं नाहीये. थांबल्यावर आठवावं लागलं पाहिजे.

मग उरलेले पॉज. फॉर्म्युला आल्यावर एक, त्यातलं प्रत्येक अक्षर म्हणजे हजार माणसांतली कुठली माणसं हे बोटाने दाखवायला. दुसऱ्या उदाहरणाआधी एक. विषय बदलणार असं वाटलं, म्हणजे सर म्हणाले आता पुढे बघू, तिथे एक. घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी थांबायचा प्रयोगही मी करून बघितला होता पण तो वाक्याच्या मधेच तोडतो आणि धागा सुटतो, त्यापेक्षा बोलण्यातले सांधे ओळखावे, शिकवणारा माणूस स्वतःच सांगत असतो कुठे एक गोष्ट संपली. साधारण पाच ते सात मिनिटांत एक सांधा येतोच.

जास्त थांबण्याचाही रोग असतो आणि तो मला दुसऱ्या महिन्यात लागला होता. दर अर्ध्या मिनिटाला पॉज, एक वाक्य लिहायचं, पुन्हा चालू. हे थांबणं नव्हे, ही श्रुतलेखनाची वही. ह्याची खूण अगदी सोपी आहे, चाळीस मिनिटांच्या लेक्चरला वहीचं एका बाजूचं एक पान पुरलं नाही तर आपण उतरवून घेतोय. म्हणून मी नियमच केला की बोर्डवरची सिद्धता सोडली तर व्हिडिओ चालू असताना पेन हातात घ्यायचं नाही. ऐकताना ऐकायचं, थांबल्यावर नजर काढायची, आणि मग जे आठवेल तेवढंच लिहायचं, दोन-तीन ओळी, आणि समासात वेळ, १४:२०, २३:०५ अशी. जे आठवलं नाही तिथे नुसती वेळ लिहून पुढे प्रश्नचिन्ह. सुरुवातीला भीती वाटते की काहीतरी सुटतंय. सुटत नाही, रेकॉर्डिंग कुठे पळून जात नाही, आणि समासात वेळ लिहिलेली असते.

स्क्रीनशॉटबद्दलही बोलायला हवं, कारण माझ्या फोनमध्ये पहिल्या महिन्याचे ऐंशीच्या वर स्क्रीनशॉट होते आणि त्यातला एकही मी नंतर उघडला नव्हता. स्क्रीनशॉट घेतला की मनाला वाटतं हे झालं. आता फक्त मोठी आकृती किंवा टेबल असेल तरच घेते, तेही एका लेक्चरला एक.

स्पीडचं जरा सविस्तर सांगते कारण ह्यावर घरात वादही झाला. माझा भाचा बारावीला आहे, फोंड्याला राहतो, चवथीच्या सुट्टीत आमच्याकडे आला होता, आणि तो सगळी लेक्चर्स दोनवर बघतो, पलंगावर आडवा पडून. मी त्याला म्हटलं, अरे एवढ्या स्पीडने डोक्यात काय जाणार, तर तो म्हणाला, "मावशी, सगळं समजतं गो, तू करून बघ." आणि तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डिलन मर्फी आणि सहकाऱ्यांनी लेक्चरच्या स्पीडवर प्रयोग केले, त्यात दीडपट आणि दुप्पट स्पीडने बघणाऱ्यांना नेहमीच्या स्पीडने बघणाऱ्यांइतकंच समजलेलं दिसलं, अडीचपटीला मात्र घसरण झाली. म्हणजे स्पीड हा मुळात शत्रू नाही.

पण त्यातून माझ्या स्टॅटिस्टिक्सच्या लेक्चरला दोन चालेल असं निघत नाही. सर बोलून सांगतायत, उदाहरणाची गोष्ट सांगतायत, मागचं आठवून देतायत, तिथे १.५ किंवा १.७५ आरामात चालतं. सर बोर्डवर एकेक पायरी लिहून सिद्धता करतायत तिथे मी सरळ १ वर आणते, कारण तिथे कान आणि हात दोन्ही चालायला हवेत, आणि पुढची पायरी सर लिहायच्या आत मला स्वतः लिहायची असते. गणित आलं की शून्यावर, म्हणजे पॉज. एकच लेक्चर, त्यात तीन वेग. कीबोर्डवर हे फार सोपं जातं, यूट्यूबवर K ने थांबतं, J ने दहा सेकंद मागे, L ने दहा सेकंद पुढे, Shift+> ने स्पीड वाढतो आणि Shift+< ने उतरतो. आमच्याकडे पावसात लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो म्हणून कोर्सवाल्यांनी डाउनलोड करायला दिलेली लेक्चर्स मी आदल्या रात्री उतरवून ठेवायचे आणि व्हीएलसीत बघायचे, तिथे ] ने स्पीड चढतो, [ ने उतरतो आणि = दाबलं की पुन्हा नेहमीचा. चार दिवसांत बोटांना सवय होते.

स्पीड जास्त झालाय हे ओळखायचं कसं, तर J कडे लक्ष ठेवा. एका मिनिटात दोनदा मागे जावं लागलं की स्पीड पाव मात्रेने कमी करते, १.५ चं १.२५. तरीही त्याच जागी तिसऱ्यांदा मागे जावंसं वाटलं तर जात नाही. हे मला कळायला फार दिवस लागले. तिसऱ्यांदा तेच वाक्य ऐकून काही उलगडत नाही, कारण अडचण स्पीडमध्ये नसतेच, त्या वाक्यात एखादा शब्द असतो जो मला आधीपासून येत नाही. बेजच्या लेक्चरमध्ये ३१:४० ला असंच झालं, सर म्हणाले हे पार्टिशन आहे म्हणून बेरीज करता येते, आणि मी तिथे रुतले. तीनदा ऐकण्याऐवजी समासात लिहिलं, पार्टिशन म्हणजे?, आणि पुढे गेले. नंतर दोन लेक्चर मागे सापडलं, एकमेकांत न मिसळणारे आणि मिळून सगळं व्यापणारे भाग, आजारी आणि निरोगी, बस एवढंच. ते मी पहिल्या महिन्यात बघितलेलं लेक्चर होतं. त्या चाळीस पानांत ते लाल हेडिंगखाली लिहिलेलंही होतं.

भाच्याला मी स्पीड कमी कर म्हटलं नाही. त्याला म्हटलं, तू दोनवरच बघ, पण सरांनी प्रॉब्लेम लिहिला की थांबव आणि उत्तराचा नुसता अंदाज माझ्या वहीत लिही. तो केमिस्ट्रीचं बफरचं लेक्चर बघत होता. पाच प्रॉब्लेम, त्याचे तीन अंदाज चुकले, पैकी एकात आम्ल टाकल्यावर पीएच वाढेल असं त्याने लिहिलं होतं, आणि ते त्याचं त्यालाच इतकं लागलं की तो उठून बसला. पलंगावरून टेबलाकडे तो स्वतःहून आला, मी सांगितलं नाही.

आता नोट्स. ४२ मिनिटं झाली की माझ्याकडे एक पान असतं, वेड्यावाकड्या दहा-पंधरा ओळी, समासात वेळा, दोन-तीन प्रश्नचिन्हं. ह्याची उजळणीची नोट लगेच करायची, त्याच बैठकीत, पोदेर यायच्या आत, दहा-बारा मिनिटांत. संध्याकाळवर टाकलं तर त्या ओळी दुसऱ्याच कोणाच्या वाटतात. आणि नोट करायची म्हणजे सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवायचं नाही, तेच मी महिनाभर केलं होतं. प्रत्येक ओळीचा प्रश्न करायचा. पान उभं दुमडायचं, डावीकडे अरुंद भागात प्रश्न, उजवीकडे उत्तर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी अशी दोन रकान्यांची वही फार पूर्वी लोकांना शिकवली, ती कॉर्नेल नोट्स म्हणूनच ओळखली जाते, मी फक्त डावीकडे मुद्दा लिहायच्या ऐवजी पूर्ण प्रश्न लिहिते.

प्रश्न कसा लिहिला ह्यावर सगळं अवलंबून आहे. त्या दिवशी मी पहिल्यांदा लिहिलं, बेजचा नियम काय आहे? हा प्रश्न वाया. त्याचं उत्तर म्हणजे फॉर्म्युला पाठ म्हणायचा आणि तो म्हणता आला की वाटतं झालं. तो खोडून असं लिहिलं: आजारी माणसाची टेस्ट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ९० टक्के, मग पॉझिटिव्ह आलेला माणूस आजारी असण्याची शक्यता फक्त ९ टक्के का? ह्याचं उत्तर द्यायला हजार माणसं मांडावीच लागतात. दुसरा प्रश्न आकडे बदलून केला, आजार शंभरात एकाऐवजी दहा जणांना असेल तर? हे सरांनी सांगितलं नव्हतं, मीच काढलं. हजारात १०० आजारी, त्यातले ९० पॉझिटिव्ह. ९०० निरोगी, त्यातले ८१ चुकून पॉझिटिव्ह. १७१ मध्ये ९०, म्हणजे ५३ टक्क्यांच्या आसपास. टेस्ट तीच, नऊचे त्रेपन्न झाले, फक्त आजाराचं प्रमाण बदललं म्हणून. हा दुसरा प्रश्न लिहिताना मला नियम खरा समजला, आणि मग कळलं की नोट करणं हा शिकण्याचाच शेवटचा तुकडा आहे, साठवणुकीचं काम नाही ते.

एका लेक्चरला सात प्रश्न, फार तर आठ. त्याहून जास्त झाले की मी उजळणी टाळायला लागते, हे मी दोनदा अनुभवलं.

उजळणी बसमध्ये. माशेल ते कुंडई अंतर ते केवढं, पण सकाळची गर्दी आणि थांबे धरून एक पान होतं. बसमध्ये लेक्चर बघायचा प्रयत्न मी सोडून दिला, धक्के, आवाज, मधे कोणीतरी ओळखीचं भेटतं, थांबवून वहीत लिहिताही येत नाही, म्हणजे पुन्हा नुसतं बघणंच होतं. पण दुमडलेलं पान बसमध्ये छान चालतं, उजवी बाजू झाकायची, डावीकडचा प्रश्न वाचायचा, उत्तर मनात पूर्ण करायचं आणि मग उघडून बघायचं. दुसऱ्या दिवशी एकदा, तीन-चार दिवसांनी एकदा, मग दहा-बारा दिवसांनी. बेजच्या पानावर तिसऱ्या दिवशी सातपैकी पाच आले. न आलेल्या दोनांपुढे समासातली वेळ होती, २३:०५ आणि ३१:४०, संध्याकाळी फक्त तेवढे तुकडे उघडले, दोन्ही मिळून चार मिनिटंही नाहीत. अख्खं लेक्चर पुन्हा बघायची गरज पडली नाही.

पुन्हा अख्खं बघण्याला एक जागा मात्र आहे. त्याच कॅलिफोर्नियाच्या प्रयोगांत असंही दिसलं की दुप्पट स्पीडने दोनदा बघताना दुसऱ्यांदाचं बघणं परीक्षेच्या तोंडावर ठेवलं तर फायदा होतो, एकाला लागून एक दोनदा बघण्यात तसा होत नाही. म्हणून शेवटच्या टेस्टच्या आदल्या दिवशी मी सर्वात कठीण चार लेक्चर्स दोनवर लावली, आणि तेव्हा दोन खरंच आरामात झेपलं, कारण पुढचं वाक्य काय येणार ते मला माहीत होतं.

सगळ्याच व्हिडिओंना हे लागू नाही. लॅबमध्ये नवीन मशीन आलं की त्याचे व्हिडिओ येतात, कुठला नट कसा फिरवायचा वगैरे, तिथे अंदाज लिहून काय करणार, तिथे हळू स्पीडवर बघत प्रत्यक्ष हात लावूनच कळतं. आणि रात्री दहानंतर, दिवसभर उभं राहून आल्यावर, मी कितीही पॉज घेतले तरी खिडकीकडे बघून तोंडातून शब्दच यायचा नाही. तशी लेक्चर्स मी अर्ध्यावर बंद करून पहाटेवर टाकायला लागले, आधी अपराधी वाटायचं, मग नाही.

शेवटच्या टेस्टच्या रविवारी पाऊस ओसरला होता. दहा प्रश्नांतला सातवा होता एका कारखान्यातल्या दोन मशीनचा, कुठल्या मशीनचा किती माल, कुणाचा किती टक्के खराब, आणि एक नग खराब निघाला तर तो दुसऱ्या मशीनवरचा असण्याची शक्यता किती. आजार नाही, टेस्ट नाही, हजार माणसंही नाहीत. मी रफ कागदावर हजार नग मांडले.